फिरून येणारा हातचा

आयपीव्ही४ पद्धतीच्या प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे हेडरमध्ये, सोळा बिटांची एक जागा ताळ्यासाठी राखलेली असते. टीसीपी, यूडीपी आणि आयसीएमपी या प्रोटोकॉलांच्या हेडरमध्येही अशीच जागा असते. तिथे बसणाऱ्या आकड्याला चेकसम म्हणतात. पाठवणारा तो काढून पॅकेटमध्ये लिहितो आणि घेणारा मजकुरावरून पुन्हा हिशेब करून पाहतो. कुठे कोणता मजकूर हिशेबात धरायचा हे प्रोटोकॉलप्रमाणे बदलते, पण बेरजेची रीत चौघांतही एकच आहे. या रीतीत साधी बेरीज आणि एक छोटी अट यांखेरीज काही नाही. १९८८ साली बॉब ब्रेडन, डेव्हिड बोर्मन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी लिहिलेल्या आरएफसी १०७१ या दस्तऐवजात ती सविस्तर दिली आहे. तिची चर्चा मात्र त्याआधी दहा वर्षे, इंटरनेट अजून प्रयोगशाळेत असतानाच सुरू झाली होती.

रीत समजण्यासाठी आयसीएमपीचा निरोप सर्वांत सोयीचा, कारण तो आटोपशीर असतो. समोरचे यंत्र जागे आहे का हे पाहण्यासाठी ping ही आज्ञा देतात, तेव्हा हाच निरोप जातो. त्याच्या पहिल्या सोळा बिटांत निरोपाचा प्रकार आणि उपप्रकार असतो, पुढच्या सोळांत चेकसम, त्यानंतर ओळखक्रमांक, मग अनुक्रमांक. त्यापुढे पाठवणाऱ्याला हवा तो मजकूर जोडता येतो. इथे मजकूर म्हणून namaskar ही रोमन लिपीतली आठ अक्षरे घेऊ. आस्की संकेतानुसार एका अक्षराला एक बाइट, म्हणजे आठ बिट लागतात, त्यामुळे दोन-दोन अक्षरांचा मिळून सोळा बिटांचा एक शब्द होतो. संगणकाच्या भाषेत अशा ठरावीक लांबीच्या तुकड्याला ‘शब्द’च म्हणतात.

सोळा बिट शून्य-एकाच्या रांगेत लिहिले तर वाचताना डोळे फिरतात. म्हणून सोळाच्या पायाची अंकपद्धती वापरतात. तिच्यात ० ते ९ या अंकांपुढे दहासाठी A, अकरासाठी B असे करत पंधरासाठी F पर्यंतची अक्षरे येतात. चार बिटांना एक अंक पुरतो, त्यामुळे सोळा बिटांचा शब्द चार अंकांत बसतो. सर्वांत मोठा शब्द FFFF, म्हणजे आपल्या नेहमीच्या मोजणीत ६५,५३५.

आपला निरोप या पद्धतीत असा दिसतो:

```
0800   प्रकार 8, उपप्रकार 0
0000   चेकसमची जागा
1A2B   ओळखक्रमांक
0001   अनुक्रमांक
6E61   na
6D61   ma
736B   sk
6172   ar
```

चेकसमच्या जागी आत्ता शून्य आहे. ताळा काढण्यापूर्वी ती जागा रिकामी करावीच लागते, नाहीतर स्वतःचाच आकडा स्वतःच्या हिशेबात शिरेल.

आता वरून खाली बेरीज करत जायचे. 0800 मध्ये 1A2B मिळवले की 222B होतात. त्यात अनुक्रमांकाचा 0001 घातला की 222C. मग ‘na’चे 6E61 मिळवून 908D, आणि ‘ma’चे 6D61 मिळवून FDEE. इथवर सगळे चार अंकांत बसते. पुढे ‘sk’चे 736B मिळवताच उत्तर 17159 येते, म्हणजे पाच अंकी. सोळा बिटांत ते मावत नाही. डावीकडचा एक हा चार घरांच्या बाहेर पडलेला हातचा आहे.

या हातच्याचे काय करायचे, यावरच सगळी रीत उभी आहे. तो टाकून द्यायचा नाही. उचलून उजव्या टोकाला आणायचा आणि एककाच्या घरात मिळवायचा. 17159 मधले 7159 ठेवून त्यात हातचा एक घातला की 715A मिळतात. शेवटी ‘ar’चे 6172 मिळवले की D2CC. एका टोकाने बाहेर पडून दुसऱ्या टोकाने आत येणाऱ्या हातच्याच्या या बेरजेला वन्स कॉम्प्लिमेंट बेरीज म्हणतात.

हातचा लगेच फिरवला काय किंवा सगळी बेरीज झाल्यावर एकदम फिरवला काय, उत्तर तेच येते. सातही शब्दांची सरळ बेरीज 1D2CB आहे. तिच्यातला एक खाली आणला की D2CB चे D2CC होतात. प्रोग्राम लिहिणारे हीच दुसरी वाट धरतात, कारण मोठ्या घरात बेरीज साठवून हातचे शेवटी फिरवणे यंत्राला स्वस्त पडते.

आता शेवटची पायरी. D2CC चा प्रत्येक बिट उलटा करायचा, शून्याचा एक आणि एकाचे शून्य. हेच काम FFFF मधून D2CC वजा करूनही होते. उत्तर 2D33. हा झाला चेकसम. रिकाम्या ठेवलेल्या जागी तो लिहिला की निरोप निघायला तयार.

बिट उलटे करण्याचा फायदा घेणाऱ्याकडे दिसतो. त्याला चेकसम बाजूला काढून वेगळा हिशेब करावा लागत नाही. आलेला निरोप जसाच्या तसा, चेकसमसकट, त्याच रीतीने बेरजेला लावायचा. बाकी शब्दांची बेरीज D2CC आणि चेकसम 2D33. दोन्ही मिळून बरोबर FFFF. सगळे बिट एक आले तर ताळा जमला. दुसरे काहीही आले तर निरोप गुपचूप टाकून दिला जातो. पाठवणाऱ्याला ‘तुझा निरोप बिघडला’ असे कोणी कळवत नाही. उत्तर आले नाही एवढेच त्याला दिसते.

हे गणित पूर्वीच्या शाळांत गुणाकार तपासायला शिकवत त्या नवाच्या ताळ्याचेच मोठे भावंड आहे. तिथे ४७२८ या संख्येचे अंक मिळवून २१, पुन्हा मिळवून ३ करतात, आणि हा ३ म्हणजे ४७२८ ला ९ ने भागल्यावर उरणारी बाकी असते. दहाच्या पायात एकाने कमी, म्हणजे नवाने, भागाकार न करता बाकी मिळते, कारण दशकस्थानचा प्रत्येक एक एककात आणून मिळवणे म्हणजे दहातून नऊ टाकणे. सोळा बिटांच्या शब्दाला एक अंक मानले, तर पाया ६५,५३६ चा होतो आणि बाकी ६५,५३५ ची निघते. आपल्या निरोपाच्या सात शब्दांची दशमान पद्धतीतली बेरीज १,१९,४९९ भरते. तिच्यातून ६५,५३५ वजा केले की ५३,९६४ उरतात, आणि D2CC म्हणजे नेमके तेवढेच.

नवाच्या ताळ्यात नऊ आणि शून्य सारखेच वागतात. चारात नऊ मिळवून तेरा, तेराचे पुन्हा चार. इथे ते स्थान FFFF चे आहे. 1A2B मध्ये FFFF मिळवून हातचा फिरवला की पुन्हा 1A2B. अशा रीतीने या बेरजेत शून्ये दोन झाली, 0000 आणि FFFF. ही दोन शून्ये पुढे थोडा गोंधळ घालतात.

हातचा टाकून दिला असता तर काय बिघडले असते? संगणकाची नेहमीची बेरीज तो टाकूनच देते, आणि तशी बेरीज लिहायला सोपीही आहे. समजा, वाटेतल्या एखाद्या यंत्रात स्मृतीच्या सोळा तारांपैकी सर्वांत डावीकडची तार बिघडली आणि तिच्यावरून जाणारा प्रत्येक बिट एकच होऊ लागला. आपल्या निरोपात चेकसम धरून आठ शब्द आहेत आणि आठांचाही सर्वांत डावीकडचा बिट शून्य आहे. तो बिट एक झाला की प्रत्येक शब्द 8000 ने वाढतो. आठ वेळा 8000 म्हणजे 40000. साध्या बेरजेत यातले चार हे सोळा बिटांच्या बाहेर पडून नाहीसे झाले असते, खालच्या चार घरांत शून्ये उरली असती आणि आठही शब्द बिघडूनही ताळा जमला असता. हातचा फिरवणाऱ्या बेरजेत मात्र ते चार एककात परत येतात. FFFF ऐवजी 0004 येते आणि चूक पकडली जाते. साध्या बेरजेत डाव्या टोकाच्या बिटाची राखण सर्वांत कच्ची असते. हातचा फिरला की सोळाही घरे एका वर्तुळात येतात आणि कोणतेच टोक उरत नाही.

या वर्तुळाचा आणखी एक गुण अनपेक्षित आहे. सोळा बिटांच्या शब्दातला मोठा बाइट आधी लिहायचा की लहान, यावर यंत्रांचे एकमत नाही. इंटरनेटचा नियम मोठा आधी. इंटेलच्या घराण्यातले प्रोसेसर मात्र स्मृतीत लहान आधी ठेवतात. त्यामुळे 0800 हा शब्द अशा यंत्राने सरळ उचलला तर त्याला तो 0008 दिसतो, आणि 1A2B चा 2B1A होतो. आपले सगळे शब्द असे उलटे वाचून बेरीज केली तर 0008, 2B1A, 0100, 616E, 616D, 6B73 आणि 7261 यांची बेरीज CCD2 येते. ती D2CC चीच बाइट उलटलेली प्रत आहे. तिचे बिट उलटवून 332D मिळतात. ते त्याच उलट्या क्रमाने स्मृतीत ठेवले की तारेवर 2D33 असेच जातात. हातचा दोन्ही दिशांनी फिरतो, खालच्या बाइटमधून वरच्यात आणि वरच्यातून खालच्यात, म्हणून सुरुवात कुठून केली याला महत्त्व उरत नाही. प्रत्येक शब्द उलटून घेण्याची मेहनत यंत्राला पडत नाही, आणि १९७० च्या दशकातल्या संथ यंत्रांवर ती बचत लहान नव्हती.

पण क्रमाकडे असे पाठ फिरवण्याची किंमतही मोजावी लागते. बेरजेत कोण आधी, कोण नंतर हे उरतच नाही. आपल्या निरोपातले ‘na’ आणि ‘ma’ हे दोन शब्द वाटेत अदलाबदल होऊन namaskar चे manaskar झाले, तरी बेरीज D2CC च राहील आणि ताळा बिनतक्रार जमेल. नवाच्या ताळ्यातही ४५ च्या जागी ५४ लिहिले तर कळत नाही, तीच ही उणीव. एकाच शब्दातली दोन अक्षरे उलटली, म्हणजे anmaskar झाले, तर मात्र 6E61 चे 616E होऊन बेरीज बदलते आणि चूक सापडते. तसेच एका शब्दात जेवढी वाढ तेवढीच दुसऱ्यात घट झाली तर ती लपते: ‘na’चे ‘nb’ आणि ‘ar’चे ‘aq’ झाले तर एक वाढला, एक घटला. 0000 चा संपूर्ण शब्द FFFF झाला तरी ताळ्याला पत्ता लागत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही शून्येच.

एकच बिट बिघडला तर मात्र तो कधीच सुटत नाही. ‘k’ चा शेवटचा बिट पडून 736B चे 736A झाले की घेणाऱ्याकडची बेरीज FFFF ऐवजी FFFE येते. मजकुराचा पार कचराच झाला, तर तो योगायोगाने ताळ्यातून निसटण्याची शक्यता साधारण ६५ हजारांत एक.

चेकसम बदलण्याची रीतही बेरजेतूनच निघते. ping चा दुसरा निरोप जातो तेव्हा फक्त अनुक्रमांक 0001 चा 0002 होतो. बेरीज एकाने वाढून D2CD होते, म्हणून चेकसम एकाने घटून 2D32. सगळे पुन्हा मिळवण्याची गरज नाही. राउटरना याचा उपयोग प्रत्येक पॅकेटला होतो. आयपीव्ही४ च्या हेडरमध्ये टीटीएल नावाचा एक आकडा असतो. पॅकेट अनंतकाळ भटकत राहू नये म्हणून प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. तो ज्या शब्दात आहे त्याचा तो वरचा बाइट असल्याने 4001 चे 3F01 होतात, म्हणजे बेरीज 0100 ने घटते. तेव्हा हेडरच्या चेकसममध्ये 0100 मिळवले आणि हातचा आल्यास फिरवला की झाले. जुना चेकसम FF10 असेल तर बेरीज 10010, हातचा फिरवून 0011.

या आडवाटेवर ती दोन शून्ये आडवी आली. १९९० च्या आरएफसी ११४१ मध्ये दिलेल्या सूत्राने क्वचित प्रसंगी 0000 यायला हवा तिथे FFFF येई. आलेले सगळे मिळवून पाहणाऱ्याला दोन्ही चालत, पण काही यंत्रे चेकसम नव्याने काढून आलेल्याशी ताडून बघत. त्यांना 0000 आणि FFFF वेगळे दिसत आणि चांगले पॅकेट कचऱ्यात जाई. १९९४ साली आरएफसी १६२४ ने ते सूत्र दुरुस्त केले. यूडीपीने मात्र याच जोडीचा चतुराईने वापर केला आहे. तिथे चेकसमच्या जागी 0000 असणे म्हणजे ‘ताळा काढलेलाच नाही’. हिशेबात खरोखर 0000 आले तर त्याऐवजी FFFF पाठवायचे. गणितात दोन्ही सारखेच, म्हणून काही बिघडत नाही.

पायथॉन भाषेत हा सगळा हिशेब एवढाच:

```python
def checksum(data):
    if len(data) % 2:
        data += b"\x00"
    total = 0
    for i in range(0, len(data), 2):
        total += (data[i] << 8) | data[i + 1]
    while total >> 16:
        total = (total & 0xFFFF) + (total >> 16)
    return ~total & 0xFFFF
```

मजकुराचे बाइट विषम असतील तर शेवटी हिशेबापुरता एक शून्य बाइट जोडतात. तो पाठवत नाहीत. while ची ओळ बारकाईने पाहण्यासारखी आहे. हातचा एकदा फिरवल्यावर नवा हातचा निघू शकतो: 1FFFF मधला एक खाली आणला की 10000 होतात, आणि तो एक पुन्हा फिरवावा लागतो. हे विसरून एकदाच फिरवणारा प्रोग्राम बहुतेक पॅकेटांवर बरोबर चालतो आणि क्वचित एखाद्यावर चुकतो. असा दोष शोधणे फार त्रासाचे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे चेकसमची जागा शून्य न करता हिशेब करणे. जुना, बरोबर असलेला चेकसम तिथेच राहिला तर बेरीज FFFF होते आणि उलटवून 0000 मिळतात. एकच निरोप पुन्हा पाठवताना ताळा शून्य दिसू लागला की आधी हीच शंका घ्यावी.

वायरशार्कसारख्या साधनाने स्वतःच्याच संगणकातून बाहेर जाणारी पॅकेटे पाहणाऱ्याला कधी कधी चेकसम चुकीचे असल्याच्या सूचना दिसतात आणि नवखा माणूस हबकतो. बहुतेक वेळा तिथे काहीच बिघडलेले नसते. आजकाल टीसीपी आणि यूडीपीचा ताळा काढण्याचे काम नेटवर्क कार्डावर सोपवतात, आणि हे साधन पॅकेट कार्डाकडे पोहोचण्याआधी पाहते. खरा आकडा अजून लिहायचा असतो. तेच पॅकेट दुसऱ्या टोकाला पकडून पाहिले तर तिथे ताळा जमलेला दिसतो. आलेल्या पॅकेटावर चूक दिसली तरच ती गांभीर्याने घ्यायची.

इथरनेटसारख्या जोडण्यांवर सीआरसी नावाचा याहून कितीतरी कडक ताळा असतो, मग या साध्या बेरजेची गरज काय, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० साली दिले. प्रत्यक्ष वाहतुकीत टीसीपीच्या ताळ्यात नापास होणारी पॅकेटे त्यांना वेगवेगळ्या ठिकाणी ११०० तील एक ते ३२,००० तील एक इतकी आढळली, आणि सीआरसीच्या चाळणीतून ती आधीच पार झालेली होती. बिघाड तारेवर होतच नव्हता. तो राउटरच्या आणि संगणकांच्या आत, स्मृतीत किंवा सदोष प्रोग्रामांत होत होता. सीआरसी तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच राखण करते. यंत्राच्या पोटात पॅकेट उघडले, बदलले आणि नव्याने सीआरसी लावून पुढे ढकलले की मधली चूक नव्या शिक्क्याखाली झाकली जाते. मजकुराचा चेकसम मात्र पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत तोच राहतो. त्याची ताकद तुटपुंजी आहे हेही त्याच अभ्यासाने दाखवले, म्हणून महत्त्वाच्या माहितीसाठी वरच्या थरावर आणखी मजबूत तपासणी ठेवावी असा सल्ला दोघांनी दिला.

आयपीव्ही६ आखताना हाच विचार झाला. त्याच्या हेडरमधून चेकसम काढून टाकला, त्यामुळे टीटीएलसारखा आकडा कमी करताना राउटरला काहीच मिळवावे-वजावे लागत नाही. त्याऐवजी मजकुराच्या ताळ्यातच पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता मिळवला जातो. टीसीपी आणि यूडीपीमध्ये हे पहिल्यापासूनच होते; आयपीव्ही६ सोबतच्या आयसीएमपीलाही ते लागू झाले. त्यामुळे वरचाच namaskar घेऊन जाणाऱ्या ping चा चेकसम तिथे 2D33 येणार नाही. सोळा-सोळा बाइटांचे दोन पत्ते, म्हणजे सोळा जादा शब्द, आणि त्यांच्यासोबत निरोपाची लांबी व प्रोटोकॉलचा क्रमांक हेही बेरजेत येतात. हातचा मात्र तसाच फिरतो.